ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आन् अकराशेचं बिल आठ हजार आठशेवर गेलं: एका घराचं पूर्ण प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. नाव देत नाही, कारण ज्या ऑफिसबद्दल लिहितोय तिथंच उद्याही मला कामं घेऊन जायचंय. २०१४-१५ च्या आसपास राज्यातल्या बऱ्याच तालुक्याच्या गावांतल्या ग्रामपंचायती गेल्या आणि नगरपंचायती आल्या, त्यातलंच हे एक. पाटी बदलली, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले, पण घरटॅक्स मात्र पुढं काही वर्षं जुन्याच हिशोबानं चालू राहिला, त्यामुळं लोकांना वाटलं की आता काही होत नाही. मग नवीन करआकारणी झाली आणि २०२२-२३ ला नव्या दरानं बिलं घरोघरी पोचली.

ज्यांचं प्रकरण सांगतोय त्यांना आम्ही काकाजी म्हणतो. सत्तरीचे आहेत, थोडी कपाशी-तुरीची शेती, रस्त्याला लागून घर आणि घराच्या पुढच्या भागात पोराचं किराणा दुकान. ग्रामपंचायतीत असताना वर्षाला सगळं मिळून अकराशेच्या आतबाहेर भरायचे. नवीन बिल आलं ८,८४६ रुपयाचं. काकाजींनी बिल वाचलं नाही, फक्त खालचा आकडा पाह्यला, आणि म्हणाले, "शहर केलं म्हणते आमचं, आमच्या दारासमोरची नाली तर अजून तशीच तुंबून हाय. काऊन भरू म्या?" आणि खरंच भरलं नाही, तीन वर्षं.

मी माणसांचे अर्ज-कागद करून देतो, त्याआधी काही काळ कर विभागात कंत्राटी लिपिक होतो, त्यामुळं हे प्रकरण माझ्याकडं आलं तेव्हा मला पहिले पैसे कमी करायचे नव्हते, पहिले हे पाह्यचं होतं की ८,८४६ हा आकडा आला कुठून. कारण नाली तुंबली म्हणून टॅक्स माफ होत नाही, पण मोजमाप चुकलं असेल तर टॅक्स कमी होतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपल्याकडं लोक पहिल्या गोष्टीवर भांडतात अन् दुसरी तशीच सोडून देतात.

आकडा येतो कसा

पहिले तर ग्रामपंचायत आणि नगरपंचायतीचा हिशोबच वेगळा आहे हे लक्षात घ्या. ग्रामपंचायतीत २०१५ च्या शेवटी नियम बदलले तेव्हापासून घराची भांडवली किंमत काढतात, म्हणजे जागा किती, बांधकाम किती, ते किती जुनं, त्याची किंमत अमुक लाख, आणि त्या किमतीवर हजारी एक-दोन रुपये असा कर. म्हणून आकडा लहान दिसतो. नगरपंचायतीत, म्हणजे १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात, आमच्याकडं जी आकारणी झाली ती भाड्यावर झाली. घराची किंमत किती हा प्रश्नच नाही, प्रश्न असा की हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं यावं. तुम्ही स्वतः राहता का, भाडं खरंच घेता का, हे त्यात पहिलं येत नाही. काकाजींचा पहिला सवाल हाच होता, "म्या तं भाड्यानं देल्लंच नाही, मंग भाडं कायचं?" त्यांना सांगावं लागलं की हे मानलेलं भाडं आहे, मोजायला एक काठी पाहिजे म्हणून.

हे मानलेलं भाडं ठरवतं कोण, तर राज्याच्या नगर रचना विभागाचा मूल्यनिर्धारण अधिकारी. तो गावाचे भाग पाडतो, बाजाररस्ता वेगळा, आतल्या गल्ल्या वेगळ्या, बाहेरची वस्ती वेगळी. मग बांधकामाचे प्रकार, म्हणजे स्लॅबचं, विटा-सिमेंटवर टिनाचं, मातीचं. मग वापर, म्हणजे राहण्याचा का धंद्याचा. प्रत्येक खान्यात चौरस मीटरला महिन्याचा एक दर. आमच्या गावच्या तक्त्यात भाड्यानं दिलेल्या भागाला स्वतः राहत असलेल्या भागापेक्षा वरचा दर होता, आणि बांधकाम जुनं असलं की घट होती, पण काकाजींच्या बाबतीत त्याचा फार फरक पडत नव्हता म्हणून ते बाजूला ठेवतो.

क्षेत्रफळ गुणिले दर गुणिले बारा महिने, झालं वर्षाचं भाडं. त्यातून दहा टक्के कमी करायचे, ते दुरुस्ती-देखभालीचे म्हणून कायद्यानंच (कलम ११४) कमी होतात, त्यासाठी अर्ज-बिर्ज काही लागत नाही. उरलं ते करयोग्य मूल्य. आणि त्या करयोग्य मूल्यावर टक्के लागतात.

टक्क्यांचा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे कारण सगळे टक्के नगरपंचायतीचे नसतात. मोठा भाग एकत्रित मालमत्ता कराचा, ज्यात सर्वसाधारण कर, दिवाबत्ती, साफसफाई, सामान्य पाणी हे सगळं एकत्र आहे, आणि त्याचा टक्का नगरपंचायतीची सभा ठराव करून ठरवते, शासनानं दिलेल्या खालच्या-वरच्या मर्यादेत. आमच्याकडं तो २४ टक्के होता. त्यावर शिक्षण कर, जो नगरपंचायत फक्त गोळा करते आणि शासनाला देते, घराला २ ते ६ टक्के आणि धंद्याच्या जागेला त्याच्या दुप्पट म्हणजे ४ ते १२. जसजसं वर्षाचं भाडं वाढते तसतसा टप्पा वर जाते, सहा हजारांच्या वर गेलं की सगळ्यात वरचा टप्पा. मग रोजगार हमी कर, हा राहत्या घराला नाहीच, फक्त धंद्याच्या जागेला, १ ते ३ टक्के. आणि वृक्ष कर, आमच्याकडं एक टक्का. घंटागाडीचं शुल्क आणि नळाची पाणीपट्टी या वेगळ्या गोष्टी, त्या या हिशोबात धरल्या नाहीत.

आता बघा, एकच चौरस मीटर जागा राहण्याची लिहिली तर तिला दर कमी लागतो, शिक्षण कर सहा टक्के लागतो, रोजगार हमी लागतच नाही. तीच जागा दुकान म्हणून लिहिली की दर दोन-अडीच पट, शिक्षण कर बारा, वर रोजगार हमी तीन. म्हणजे फॉर्मातला 'वापर' हा एक रकाना चुकला की तीन जागी मार बसतो. स्लॅब का टिन हा रकाना चुकला तर एकाच जागी. माझ्या मते बिल हातात आल्यावर सगळ्यात पहिले वापराचा रकाना पाह्यला पाहिजे, बाकी नंतर.

काकाजींच्या घराचं काय झालं होतं

बिलावर फक्त एकूण करयोग्य मूल्य आणि कराची रक्कम होती, त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून मोजणीचा तक्ता मागितला, ज्यात क्षेत्र, प्रकार, वापर, दर असे रकाने असतात. तो द्यायला थोडी टाळाटाळ झाली, लेखी अर्ज दिला तेव्हा मिळाला. त्यात काकाजींचं घर असं लिहिलं होतं: एकूण ९६ चौरस मीटर, पूर्ण आरसीसी, त्यातलं ४० दुकान आणि ५६ राहतं.

घर प्रत्यक्षात असं आहे. समोर स्लॅबचे दोन गाळे, एकूण ४० मीटर, पण दुकान फक्त एका गाळ्यात, १६ मीटरचं. दुसऱ्या २४ मीटरच्या खोलीला शटर आहे, पण त्यात पोरगा-सून राहतात, शटर लावलं कारण बांधताना पुढंमागं दुकान वाढवू असा विचार होता. मागं ३६ मीटर विटांच्या भिंती आणि वर टिन. आणि त्याच्याही मागं २० मीटरचा मातीच्या भिंतीचा कोठा, त्यात कडबा, जुनी अवजारं, हंगामात कापूस.

चूक कशी झाली हे शोधायला फार डोकं लागलं नाही. मोजणी खाजगी एजन्सीच्या पोरांनी केली, ती कापूस वेचणीच्या दिवसात, घरी कोणी नव्हतं, दुकानही दुपारचं बंद. पोरांनी बाहेरून टेप लावला, दोन शटर दिसले, दोन्ही दुकान लिहिले. पुढून स्लॅब दिसला म्हणून मागचंही सगळं स्लॅबचं लिहिलं. एकूण क्षेत्र मात्र बरोबर होतं, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर लोक सगळंच खोटं म्हणून मोकळे होतात.

तक्त्यातले दर असे होते, महिन्याला चौरस मीटरमागे: आरसीसी दुकान ३६ रुपये, आरसीसी राहतं १४, विटा-टिन राहतं ९, मातीचं ५. त्यांच्या हिशोबानं दुकान ४० गुणिले ३६ म्हणजे १,४४०, राहतं ५६ गुणिले १४ म्हणजे ७८४, एकूण महिना २,२२४, वर्षाला २६,६८८. दहा टक्के गेले, करयोग्य मूल्य २४,०१९. त्यावर २४ टक्के एकत्रित कर ५,७६५. शिक्षण कर घराच्या भागावर ५०८ आणि दुकानाच्या भागावर १,८६६. रोजगार हमी ४६७. वृक्ष कर २४०. बेरीज ८,८४६. म्हणजे बिलात बेरीज-वजाबाकीची चूक अजिबात नव्हती, कॉम्प्युटरनं बरोबरच काढलं, त्याला खाऊ घातलेला मालच चुकीचा होता.

आता खरं घर टाकून पाहू. दुकान १६ गुणिले ३६, ५७६. समोरची राहती खोली २४ गुणिले १४, ३३६. मागचं टिनाचं ३६ गुणिले ९, ३२४. कोठा २० गुणिले ५, १००. राहत्याची बेरीज ७६०, दुकानाची ५७६. वर्षाचं होते १६,०३२, दहा टक्के काढून करयोग्य मूल्य १४,४२९. त्यावर एकत्रित कर ३,४६३, शिक्षण कर घराचा ४९२ आणि दुकानाचा ७४७, रोजगार हमी १८७, वृक्ष कर १४४. एकूण ५,०३३.

फरक ३,८१३ रुपयाचा, आणि तो दर साली. पण बघा, खरा हिशोब लावूनही कर अकराशेवर येत नाही, पाच हजारांवरच राहते. काकाजींना ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली. त्यांना वाटत होतं की चूक निघाली म्हणजे जुना टॅक्स परत येईल. येत नाही, कारण पद्धतच बदलली आणि बाजाररस्त्यावर दुकान आहे. मी त्यांना म्हटलं, "काकाजी, तीन हजार आठशे तुमच्या हक्काचे आहेत, ते आपण मागू. बाकीचे नगरपंचायत झाल्याचे आहेत, ते मागून भेटणार नाहीत."

तीस दिवस

आता खरी गोम इथं आहे. आकारणीची यादी तयार झाली की ती आधी तात्पुरती असते. नगरपंचायत जाहीर नोटीस काढते, यादी पाह्यला ठेवते, ज्यांची आकारणी नवीन किंवा वाढलेली आहे त्यांना वेगळी नोटीस देते, आणि कलम ११९ खाली लेखी हरकत द्यायला कमीत कमी तीस दिवस असतात. हरकतीवर सुनावणी होते, मग यादी अंतिम होते आणि साधारण चार वर्षं तीच चालते.

काकाजींच्या घरी ती नोटीस आली होती. हिरव्या कागदावरची, दुकानात बिलाच्या वहीत तीन वर्षांनी मला सापडली. कोणी वाचली नाही कारण तिच्यावर पैसे भरा असं कुठंच लिहिलेलं नव्हतं, फक्त प्रस्तावित करयोग्य मूल्य होतं आणि मुदत. माणसं बिलाला घाबरतात, नोटिशीला नाही, आणि इथं उलटं आहे: बिलाच्या टप्प्यावर हातात फार काही राहत नाही. अपील करता येते, कलम १६९ खाली, पण त्याला अटी आहेत. बिल आल्यापासून पंधरा दिवसांत करायचं, मागितलेली रक्कम आधी जमा करायची, आणि आकारणीच्या वेळी मुदतीत लेखी हरकत घेतलेली असली पाहिजे. हरकतच घेतली नाही तर अपील ऐकूनच घेत नाहीत. म्हणजे जो माणूस तीस दिवस गप्प बसला त्याची वकिलाकडं जायची वाटही जवळपास बंद झाली.

आणि सुनावणीत काय बोलावं याचंही बघा. मी कर विभागात होतो तेव्हाच्या सुनावण्या आठवतात, दहातले आठ लोक येऊन म्हणायचे की टॅक्स फार जास्त आहे, शेती पिकली नाही, सोयाबीनला भाव नाही. खरं असते सगळं, पण समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात टक्का नसतोच, तो सभेच्या ठरावातला. त्याच्या हातात क्षेत्र, प्रकार, वापर, वय आणि कोणत्या भागात घर येते एवढंच आहे. त्यामुळं हरकतीत 'माझे दुकान १६ चौ.मी. असून ४० लावले आहे, फेरमोजणी करावी' अशी एक ओळ लिहिली तर ती चालते, आणि दोन पानं गरिबीवर लिहिली तर 'अमान्य' असा शिक्का येते. कठोर वाटते पण तसंच आहे.

न भरल्यावर

काकाजींनी २०२२-२३, २३-२४, २४-२५ अशी तीन बिलं भरली नाहीत. मूळ रक्कम झाली २६,५३८. पण कलम १५०-अ प्रमाणं मुदतीत न भरलेल्या रकमेवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. दोन टक्के ऐकायला कमी वाटते, वर्षाचे चोवीस होतात, सोसायटीच्या पीककर्जापेक्षा कितीतरी जास्त. मार्च २०२५ ला हिशोब केला तेव्हा पहिल्या बिलाची शास्ती तीस महिन्यांची, म्हणजे ६० टक्के, ५,३०८. दुसऱ्याची अठरा महिन्यांची, ३,१८५. तिसऱ्याची सहा महिन्यांची, १,०६२. एकूण शास्ती ९,५५५. सगळं मिळून ३६,०९३. म्हणजे चुकीच्या बिलावरचा राग वर्षाला तीन हजारांहून जास्त पडला, जवळपास तेवढाच जेवढं बिल चुकलं होतं. शास्तीवर शास्ती लागत नाही, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

शास्ती शांतपणे वाढत असते, त्यामुळं तिचं कोणी मनावर घेत नाही. मनावर घ्यावं लागलं ते दुसऱ्या कारणानं. पोराला दुकान वाढवायला बँकेचं कर्ज पाहिजे होतं, बँकेनं कर आकारणीचा उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागितला. दाखला थकबाकी असताना मिळत नाही. पोरगा काकाजींना न सांगता ऑफिसात गेला तेव्हा त्याला कळलं की आकडा छत्तीस हजारांवर गेला. त्याच महिन्यात वसुलीचं पथक फिरत होतं, मार्च महिन्यात हे असतंच, गाडीवर भोंगा लावून थकबाकीदारांनी भरणा करावा असं ओरडत जातात. बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचं वॉरंट, असा क्रम असते. वॉरंटवर आधी चल वस्तू उचलतात, दुकान असलं की फ्रीज, काटा, माल, त्यातून भागलं नाही तर जागेपर्यंत येते. कराची थकबाकी ही त्या मालमत्तेवरचा बोजाच असते, त्यामुळं घर विकायला काढलं तरी ती सुटत नाही, घेणाऱ्याच्या डोक्यावर बसते. प्रत्यक्षात मात्र आमच्याकडं वस्तू उचलण्यापेक्षा दोनच गोष्टी होतात, नळ कापणे आणि गाळ्याला सील लावणे. काकाजींच्या दुकानावर सील लावायची नोटीस चिकटवून गेले. बाजारच्या दिवशी, आठवडी बाजार भरला असताना.

एक गोष्ट गावात कमी बोलली जाते. थकबाकीदार नगरपंचायतीची निवडणूक लढायला गेला की थकबाकी आडवी येते, अर्जासोबत दाखला लागतोच. म्हणून निवडणुकीच्या आधी कर विभागात अचानक काही जुन्या थकबाक्या रोखीनं भरल्या जातात, आणि लिपिकाला कोण उभं राहणार हे पेपरात येण्याआधी कळते.

भरलं, आणि मग

मी काकाजींना सांगितलं की पहिले भरा. ते तयार नव्हते, म्हणत होते चुकीचं बिल हाय तं भरू कायले, आधी दुरुस्त करा मंग देतो. हे बोलणं ऐकायला बरोबर वाटते पण कायदा तसा चालत नाही, दुरुस्तीचा अर्ज पडून आहे म्हणून शास्ती थांबत नाही आणि सीलही थांबत नाही. पोरानं सोयाबीनचे आलेले पैसे घातले, थोडे सासऱ्याकडून घेतले, आणि मार्च संपायच्या आत ३६,०९३ भरून पावती घेतली. पावतीवर 'हरकत राखून भरणा' असं लिहून द्या म्हटलं तर काउंटरवरची बाई म्हणाली की असा रकाना नाही. म्हणून त्याच दिवशी आवक-जावकला एक वेगळं पत्र दिलं, की आकारणी मान्य नाही, तरी भरणा करतो आहे, आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घेतला.

आणि पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०२५ ला, मंत्रिमंडळानं नगरपरिषद-नगरपंचायतीच्या थकबाकीवरच्या शास्तीत सवलत देता यावी म्हणून कायद्यात दुरुस्ती करायचा निर्णय घेतला. काकाजींनी तो पेपर माझ्यासमोर आणून ठेवला, काही बोलले नाहीत, ते न बोलणंच जास्त होतं. भरलेली शास्ती परत मिळत नाही. पण माझं मत अजूनही बदललं नाही. एक तर अशी सवलत फक्त शास्तीवर असते, मूळ करावर नाही. दुसरं म्हणजे ती येणार हे मार्चमध्ये कोणालाच माहीत नव्हतं, आणि तोपर्यंत दुकान सील झालं असतं तर महिन्याचा धंदा गेला असता तो शास्तीपेक्षा जास्त होता. अभय योजनेच्या भरवशावर दर साली थांबणारे लोक आहेत गावात, त्यातल्या काहींचं जमलंही, पण मी कोणाला तसा सल्ला देत नाही.

पैसे भरल्यावर दुरुस्तीचा अर्ज दिला. हरकतीची मुदत गेली असली तरी मुख्याधिकाऱ्याला यादीतली उघड चूक दुरुस्त करता येते, चुकून जास्त किंवा कमी आकारणी झाली असेल तर. अर्जासोबत घराचा हातानं काढलेला नकाशा, चारही भागांची लांबी-रुंदी मीटरमध्ये (आपण फुटात मोजतो, चौरस फुटाला १०.७६ नं भागलं की चौरस मीटर येते), दोन्ही शटरचे उघडे असतानाचे फोटो, ज्यात एकात पलंग-कपाट दिसते आणि दुसऱ्यात किराणा, दुकानाचं परवान्याचं कागद ज्यावर एकच गाळा लिहिलाय, आणि मागच्या टिनाचा अन् कोठ्याचा फोटो. फोटोंचा फार उपयोग झाला. इंजिनिअर फेरमोजणीला आला तेव्हा त्यानं आधी फोटो पाह्यले होते, त्यामुळं अर्ध्या तासात काम झालं. कोठ्याबद्दल त्यानं विचारलं की हा मोजलाच नसता तर, म्हटलं मोजा ना, मातीचा म्हणून मोजा. लपवायच्या फंदात पडू नये, उद्या कोणी तक्रार केली तर सगळ्याच अर्जावरचा विश्वास जाते.

दुरुस्ती मंजूर झाली, २०२५-२६ पासून. मागच्या तीन वर्षांना लागू नाही. त्यावर अर्ज केला होता, उत्तर आलं की दुरुस्ती चालू वर्षापासूनच होते, मागची आकारणी अंतिम यादीप्रमाणं झाली, तिच्यावर हरकत नव्हती. म्हणजे तीन वर्षांचे ११,४३९ रुपये, दर वर्षाच्या ३,८१३ प्रमाणं, ते गेले. अधिक शास्ती. मला हे उत्तर अन्यायाचं वाटते, चूक त्यांच्या मोजणीची आणि तोटा घरमालकाचा, पण त्या हिरव्या नोटिशीची पोच त्यांच्याकडं होती, सुनेची सही होती, आणि त्यापुढं बोलायला जागा नव्हती.

याच भागात शेजारी एक माजी सैनिक राहतात, त्यांचंही बिल असंच मोठं आलं होतं. त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून राज्याच्या माजी सैनिक सन्मान योजनेखाली एका राहत्या घराचा कर माफ करून घेतला, पहिल्याच वर्षी. काकाजींनी तेव्हा विचारलं होतं की त्याचं काऊन माफ झालं अन् माझं नाही, आणि गावात त्यावरून वशिल्याच्या गोष्टी झाल्या. वशिला नव्हता, योजना आहे आणि त्यानं अर्ज केला. दुकानाचा भाग मात्र त्यालाही माफ झाला नसता.

आता २०२६-२७ ला नवीन आकारणी धरली आहे, चार वर्षं पूर्ण होतात. पुन्हा मोजणीवाले फिरतील. काकाजींच्या पोराला मी तीन गोष्टी सांगून ठेवल्या. मोजायला येतील तेव्हा कोणीतरी घरी पाहिजे आणि त्यांनी लिहिलेल्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढायचा, सही करण्याआधी. नोटीस आली की त्याच दिवशी तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहायची. आणि बँकेचं कर्ज आता मंजूर झालंय, त्यामुळं दुसऱ्या शटरची खोली खरंच दुकान होणार आहे, तेव्हा ती स्वतःहून कळवायची. त्याचा हिशोब मी त्याला लावून दिला: २४ मीटर राहत्यातून दुकानात गेले की आजच्याच दरानं वर्षाचा कर ७,६०० च्या आसपास जातो. त्यानं आकडा पाह्यला, दुकान वाढवून महिन्याला किती सुटेल ते बोटावर मोजलं, आणि म्हणाला, "चालते दादा, पण काकाजीले आत्ताच नको सांगू."